पाणी बदललं आणि उष्मांक घटले: ऊसतोडीच्या फडातलं एक मोजमाप

पार्श्वभूमी

ऊसतोड करणाऱ्या बाईच्या अंगातून दिवसाला किती ऊर्जा खर्च होते, या एका प्रश्नासाठी हे मोजमाप झालं. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात आलेली ट्रॅक्टरची टोळी होती. अशी टोळी कारखान्याच्या आवारात राहत नाही. ती फडाजवळ कोप्या घालते आणि त्या भागातला ऊस संपला की पुढच्या गावाला जाते. या टोळीतल्या एका बाईचं मोजमाप इथे सविस्तर मांडतो. तिला रखमाताई म्हणू. नाव बदललं आहे, गाव आणि कारखाना सांगत नाही. वय तिशीच्या आत, वजन ४४ किलो. गरोदर नाही, अंगावर पाजणारं मूल नाही. पहाटे अंधारात उठून भाकरी, मग फडात तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहून नेणं, आणि ट्रॅक्टर रात्री आला तर रात्री भरणी.

हा आकडा काढायचे सोपे मार्ग आधी वापरून झाले होते. कालच्या दिवशी काय काय खाल्लं ते विचारून हिशेब केला, तर रोजचे १,७०० किलोकॅलरी आले. एवढ्यावर हे काम महिनोन्‌महिने करता येत नाही, हे फडात एक सकाळ उभं राहणाऱ्यालाही कळतं. कमरेला बांधायचं हालचालमापक यंत्र चालण्याची पावलं नीट टिपतं, पण वाकून कोयता चालवणं आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढणं त्याला जवळजवळ दिसत नाही. नाडीचे ठोके उन्हानंही वाढतात, त्यामुळे तोही हिशेब बिघडतो. तोंडाला मुखवटा लावून श्वास मोजता येतो, पण मुखवटा लावलेली बाई दिवसभर ऊस तोडत नाही.

राहिली ती दुहेरी खूण केलेल्या पाण्याची पद्धत. माणूस आपलं रोजचं आयुष्य जगत असताना त्याचा एकूण ऊर्जाखर्च मोजण्यासाठी ती प्रमाण मानली जाते. बाकीची साधनं हिच्याशी ताडून पाहतात.

पद्धत कशावर उभी आहे

पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. दोन्हींचे जड भाऊबंद निसर्गात थोडे थोडे सापडतातच: हायड्रोजनचा ड्युटेरियम आणि ऑक्सिजनचा ऑक्सिजन-१८. दोन्ही स्थिर आहेत, किरणोत्सर्गी नाहीत. याच त्या दोन खुणा. हे दोन्ही नेहमीपेक्षा जास्त असलेलं पाणी माणसाला एकदा पाजायचं. काही तासांत ते शरीरातल्या सगळ्या पाण्यात मिसळतं. पुढे ड्युटेरियम बाहेर पडतं ते फक्त पाण्याच्या रूपात, म्हणजे लघवी, घाम आणि श्वासातली वाफ यांतून. ऑक्सिजन-१८ पाण्यातून तर जातंच, शिवाय कार्बन डायऑक्साइडमधूनही जातं, कारण रक्तातलं एक विकर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यातल्या ऑक्सिजनची सतत अदलाबदल करत असतं. म्हणून ऑक्सिजन-१८ जरा लवकर ओसरतं. दोघांच्या ओसरण्याच्या वेगातला फरक म्हणजे बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड. त्यावरून ऊर्जा काढता येते.

ऑक्सिजनची ही अदलाबदल अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेथन लिफसन आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवली आणि १९५५ मध्ये उंदरांवर पद्धत पडताळली. माणसावर पहिलं मोजमाप प्रसिद्ध झालं ते १९८२ मध्ये. एवढा उशीर झाला तो किमतीमुळे. उंदराला लागणारं ऑक्सिजन-१८ चिमूटभर, माणसाला लागणारं कितीतरी पट. यंत्रं सुधारली, कमी डोसातही फरक वाचता येऊ लागला, तेव्हा कुठे माणसाचं मोजमाप परवडू लागलं. आजही खर्चाचा मोठा भाग ऑक्सिजन-१८ चाच असतो, आणि या प्रकरणातले बरेच निर्णय त्या खर्चाभोवती फिरतात.

२०२१ मध्ये जुन्या मोजमापांचा मोठा साठा तपासून एक समान सूत्र सुचवलं गेलं. आम्ही तेच वापरलं:

```
rCO2 (mol/day) = 0.4554 × N × (1.007 × kO − 1.043 × kD)
```

`N` म्हणजे शरीरातलं पाणी, मोलमध्ये. `kO` आणि `kD` म्हणजे दोन खुणांचे ओसरण्याचे दैनिक वेग. कंसाकडे नीट पाहावं. त्यात जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची वजाबाकी आहे. रखमाताईंच्या बाबतीत पहिली संख्या होती सुमारे ०.२२२ आणि दुसरी ०.१८८. उरले ०.०३४. वरच्या दोन आकड्यांपैकी एक जरी एका टक्क्यानं हलला, तर उत्तर सहा टक्क्यांनी हलतं. ही गोष्ट डोक्यात असेल तरच पुढचा गोंधळ कळतो.

पहिला निर्णय: किती दिवस

प्रौढ माणसासाठी चौदा दिवसांचं मोजमाप नेहमीचं आहे. आमच्याही कागदावर आधी तेच होतं. पण चौदा दिवस हे शहरात बसून काम करणाऱ्या माणसाचं माप आहे, ज्याच्या अंगातून दिवसाला तीनेक लिटर पाणी फिरतं. फेब्रुवारीच्या उन्हात ऊस तोडणाऱ्या बाईच्या अंगातून साडेचार लिटरच्या आसपास फिरतं, तेही जेमतेम साडेचोवीस लिटरच्या साठ्यातून. तिच्यात खुणा भराभर ओसरणार.

मोजमापाचा काळ ऑक्सिजन-१८ च्या एक ते तीन अर्धायुष्यांत बसवावा, असा संकेत आहे. म्हणजे खूण निम्मी व्हायला लागणाऱ्या काळाच्या एक ते तीन पट. रखमाताईंचं अर्धायुष्य तीन दिवसांच्या थोडं वर निघालं. चौदा दिवस थांबलो असतो तर अखेरीस मूळ खुणेचा जेमतेम विसावा भाग उरला असता. म्हणून काळ आठ दिवसांवर आणला. त्याच पैशात जास्त दिवस मिळत असताना कमी दिवस का, असा प्रश्न बैठकीत आला होता. पण जास्त दिवसांत मिळते ती फक्त शेवटच्या नमुन्यातली अनिश्चितता.

दुसरा निर्णय: खूण न दिलेली माणसं

हा वाद जास्त झाला. पद्धतीचं एक गृहीतक असं आहे की डोस देण्याआधी शरीरात खुणांची जी नैसर्गिक पातळी होती, तीच मोजमापभर पायाशी राहते. ती पातळी ठरते पिण्याच्या पाण्यावरून. सगळं पाणी सारखं नसतं. उघड्यावर बाष्पीभवन होताना हलके रेणू आधी उडतात आणि मागे राहिलेलं पाणी जड होत जातं. बोअरचं पाणी आणि उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांतलं शेततळ्याचं पाणी यांत त्यामुळे चांगलाच फरक पडतो.

एका जागी राहणाऱ्या माणसासाठी याची काळजी सहसा करावी लागत नाही. टोळी मात्र हलते. म्हणून त्याच टोळीतल्या तीन जणांना खूण न देता फक्त त्यांची लघवी तपासायची, असं सुचवलं गेलं. लांबच्या मोहिमांवरच्या सैनिकांच्या मोजमापांत असं करतात. विरोधातला मुद्दाही खरा होता. प्रयोगशाळेत यंत्रावर मिळणारी जागा मोजकी, आणि प्रत्येक नमुन्याचे पैसे पडतात. तेवढ्यात आणखी एका बाईचं पूर्ण मोजमाप नाही, तरी तिचे निम्मे नमुने झाले असते. शेवटी तीन माणसं घेतली: रखमाताईंच्याच फडात तोडणाऱ्या दोघी आणि भरणीबरोबर जाणारा एक पुरुष.

डोसाची सकाळ

आदल्या संध्याकाळी मुकादमानं विचारलं, "ह्या पाण्यात औषिद हाय का? बाई आजारी पडली तर कोयता बंद पडंल." नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकीचा खाडा पडला तर दोघांच्या उचलीवर चढतं. त्यामुळे हा प्रश्न अडवणुकीचा नव्हता, रास्त होता. हे पाणीच आहे, यातलं जड पाणी तुमच्या हंड्यातही थोडं असतंच, हे आधी रखमाताईंना आणि मग त्याला सांगितलं. होकार तिचा घेतला, मुकादमाचा नव्हे. तिनं एकच विचारलं: लघवीची बाटली बायका घेतील ना?

पहाटे डोसाआधीची लघवी घेतली. ती विसरली तर पुढचं सगळं वाया, कारण पाया पुन्हा मिळत नाही. मग डोस: दहा टक्के ऑक्सिजन-१८ असलेलं ६० ग्रॅम पाणी आणि त्यात ३ ग्रॅम जवळजवळ शुद्ध ड्युटेरियमचं पाणी. बाटली आधी आणि नंतर शंभरांश ग्रॅमपर्यंत तोलली. स्ट्रॉनं प्यायला दिलं, मग त्याच बाटलीत साधं पाणी घालून दोनदा हलवून तेही पाजलं. ओठावरून ओघळलेला थेंब पदरानं टिपला असता तर तोही हिशेबातून गेला असता, म्हणून हाताशी आधीच तोललेला कागदी रुमाल होता. तो कोरडाच राहिला.

नमुने चार आणि सहा तासांनी, मग दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी. सकाळची पहिली लघवी घेत नाहीत, ती रात्रभर साठलेली असते आणि नेमक्या कोणत्या वेळेची हे सांगता येत नाही. फडात आडोसा नसल्यानं बायका दिवसा पाणीच कमी पितात आणि लघवी धरून ठेवतात. म्हणून वेळेबरोबर त्याआधी कधी जाऊन आल्या तेही नोंदवलं. कुप्या काठोकाठ भरून, घट्ट आटे लावून लगेच बर्फाच्या पेटीत. अर्धी रिकामी कुपी उन्हात राहिली तर आतल्या आतच पाणी उडून खूण जड होते.

अडचण

तिसऱ्या दिवशी दुपारचा नमुना झाला आणि संध्याकाळी टोळी हलली. जुन्या जागी बोअरचं पाणी होतं. नव्या जागी कोप्या पडल्या त्या प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या एका शेततळ्याच्या काठाला, आणि हंडे तिथेच भरले जाऊ लागले.

प्रयोगशाळेचे आकडे आले तेव्हा वरवर काहीच खटकत नव्हतं. जड-हलक्याचा फरक ‘दर हजारी’ मोजतात. डोसानंतर ऑक्सिजन-१८ पायापेक्षा दर हजारी ११० नं वर गेलं होतं, ड्युटेरियम ७०७ नं. दोन्ही खुणा किती पाण्यात पसरल्या यांचं गुणोत्तर १.०३६, म्हणजे अगदी अपेक्षित. आठव्या दिवशी उरलं होतं २०.३ आणि १७४.५. यावरून `kO` ०.२११ आणि `kD` ०.१७५. दोघांचं गुणोत्तर १.२१, तेही नेहमीच्या पट्टीत. सूत्रात घालून दिवसाचे २,२९० किलोकॅलरी आले.

शंका आली ती आलेखावरून. नमुने दोनच घेतले असते तर दोन बिंदूंतून सरळ रेषा जातेच. आमच्याकडे मधले बिंदू होते. खुणेचा लॉगॅरिदम दिवसांसमोर मांडला तर तिसऱ्या दिवसापर्यंत उतार एक होता आणि नंतर दोन्ही रेषा किंचित सपाट झाल्या होत्या. ऑक्सिजनची जास्त. ओसरण्याचा वेग अचानक कमी झाला, याचा एक अर्थ बाईनं कमी काम केलं असा होतो. पण ड्युटेरियमही त्याच दिवशी मंदावलं होतं, आणि नोंदवहीप्रमाणे नव्या फडात काम कमी झालं नव्हतं, उलट दोन रात्री भरणी होती.

खूण न दिलेल्या दोघी बायांच्या नमुन्यांनी उत्तर दिलं. खुणेचं पाणी न पिताच त्यांच्या लघवीत आठव्या दिवशी ऑक्सिजन-१८ सरासरी १.५ नं आणि ड्युटेरियम ७ नं वर सरकलं होतं. पाया हलला होता.

कोणते मार्ग होते

रखमाताईंचं मोजमाप वगळणं हा सर्वांत स्वच्छ मार्ग. पण मग टोळीतली जी जी माणसं हलली ती सगळी वगळावी लागली असती, आणि हलणं हेच तर या मजुरीचं स्वरूप आहे. एका जागी राहिलेल्यांचाच आकडा छापला तर तो वेगळ्या लोकांचा आकडा होतो.

दुसरा मार्ग म्हणजे हलण्याआधीच्या तीन दिवसांवर थांबणं. त्यातून २,७०० च्या आसपास आकडा येत होता. हा काळ एका अर्धायुष्याएवढाच. इतक्या छोट्या काळात नमुना दुपारी घेतला की संध्याकाळी, मधे घटाघटा पाणी प्यायलं होतं का, एवढ्यानंही उतार हलतो. शिवाय त्या तीन दिवसांत ना रात्रीची भरणी होती ना मुक्काम हलवणं. आम्हाला आठवड्याची सरासरी हवी होती.

तिसरा, नवा डोस देऊन पुन्हा सुरुवात. पैसे नव्हते, आणि हंगाम संपत आला होता.

चौथा, पाया दुरुस्त करणं. इथेही दोन वाटा होत्या. शेततळ्याचं पाणी तपासून त्यावरून गणितानं शरीराचा पाया काढायचा, किंवा खूण न दिलेल्यांच्या लघवीत प्रत्यक्ष दिसलेला बदल वजा करायचा. पहिली वाट नीटनेटकी दिसते, पण शरीरात येणारं सगळं पाणी हंड्यातून येत नाही. भाजीत, भाकरीत आणि फडात चघळलेल्या उसात पाणी असतं, आणि अन्न जळून शरीरात तयार होणारं पाणी वेगळंच. कोणाचा वाटा किती, हे गृहीत धरावं लागलं असतं. दुसऱ्या वाटेत हे सगळं आपोआप मोजलं जातं. फक्त ती माणसं खरोखर सारखंच पाणी पीत असली पाहिजेत.

काय केलं

दुसरी वाट धरली, पण तिघांची सरासरी घेतली नाही. भरणीबरोबर जाणाऱ्या पुरुषाचा बदल बायांच्या निम्मा होता: ऑक्सिजनमध्ये ०.८, ड्युटेरियममध्ये ४. तो कारखान्यावर ट्रॅक्टर खाली होईपर्यंत तिथलं पाणी प्यायचा. त्याचा आकडा चुकीचा नव्हता, तो वेगळ्या हंड्याचा होता. रखमाताईंसाठी त्यांच्याच हंड्यातून पिणाऱ्या दोघींचाच बदल वापरला.

आठव्या दिवशीचे २०.३ झाले १८.८, आणि १७४.५ झाले १६७.५. `kO` ०.२२१ वर गेला, `kD` ०.१८० वर. पाचव्या दिवसाचा नमुना त्याच पद्धतीनं दुरुस्त केल्यावर रेषेवर येऊन बसला, आणि तिसऱ्या दिवसाची मोड नाहीशी झाली. ही दुरुस्ती योग्य होती याचा मला पटलेला पुरावा तो, अंतिम आकडा नव्हे.

कंसात आता ०.०३४६ आले. शरीरातलं पाणी १,३६० मोल. म्हणजे दिवसाला २१.४ मोल, सुमारे ४७७ लिटर कार्बन डायऑक्साइड. एका लिटरमागे किती ऊर्जा, हे जाळलेल्या अन्नावर ठरतं. भाकरी, साखरेचा चहा आणि ऊस अशा पिष्टमय आहारासाठी आहाराचं गुणोत्तर, म्हणजे अन्न जळताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड भागिले लागणारा ऑक्सिजन, ०.९० धरलं, तर लिटरमागे ५.४८५ किलोकॅलरी. गुणाकार सुमारे २,६००.

या ०.९० बद्दलही चर्चा झाली. बाई उपाशीपोटी राबत असेल आणि अंगातली चरबी जळत असेल, तर गुणोत्तर खाली येतं. ०.८५ धरलं असतं तर आकडा सुमारे पावणेपाच टक्क्यांनी वाढला असता. आठ दिवसांत वजन ३०० ग्रॅमनं घटलं होतं. ती सगळी चरबीच मानली तरी रोजची तूट साडेतीनशे किलोकॅलरींच्या आसपासच राहते. म्हणून ०.९० कायम ठेवलं आणि ही शक्यता अहवालात लिहिली.

निष्पत्ती

दुरुस्तीआधी २,२९० आणि नंतर २,६००, म्हणजे तीनशेवर किलोकॅलरींचा फरक. रखमाताईंच्या वय-वजनावरून विश्रांतीचा खर्च सुमारे १,१४० धरला, तर आधीचा आकडा त्याच्या दुप्पट आणि नंतरचा जवळजवळ २.३ पट. २००१ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-सल्लामसलतीनं कठोर श्रमांची पट्टी २.०० ते २.४० ठेवली आहे. न दुरुस्त केलेल्या आकड्यानं ही बाई त्या पट्टीच्या उंबरठ्यावर दिसली असती. दुरुस्त आकड्यानं ती पट्टीच्या वरच्या टोकाकडे आहे.

आहाराच्या हिशेबातले १,७०० आणि हे २,६०० यांतली सगळी दरी उपासमारीची नाही, हेही त्या ३०० ग्रॅमांवरून दिसलं. बराचसा भाग न सांगितलेल्या खाण्याचा असणार. पुढे विचारल्यावर रखमाताई म्हणाल्या, "ऊस खाल्ला ते काय जेवण हाय व्हय?" प्रश्नावलीत उसाची ओळच नव्हती.

पद्धतीनं जे सांगितलं नाही तेही नोंदवायला हवं. आठ दिवसांची ती एक सरासरी आहे. तोडणीचा खर्च किती, भरणीच्या रात्रीचा किती, हे त्यातून वेगळं निघत नाही. कोणी तो आकडा भरणीच्या मजुरीच्या वाटाघाटीत नेला तर टिकणार नाही.

वेगळं काय करता येईल

काळ आठऐवजी सहा दिवसांचा ठेवता येईल. हलण्याचा धोका कमी होतो आणि दोन अर्धायुष्यं तरीही मिळतात. मुक्काम हलला की दोन तासांच्या आत एक नमुना घ्यावा, कारण मोड नेमकी कुठे पडली ते त्यावरून ठरतं. प्रत्येक नव्या हंड्याचं पाणी एका कुपीत घ्यावं. त्यावरून दुरुस्ती करायची नसली, तरी बदल मोठा की क्षुल्लक हे त्यातून आधी कळतं आणि खूण न दिलेल्यांचे सगळे नमुने यंत्रावर घालायचे की नाही ते ठरवता येतं. खूण न दिलेल्यांत सहज मिळालेलं माणूस नको, हंड्याचा जोडीदार हवा. आमच्या यादीत तो पुरुष आला तो टोळीत सहज तयार झाला म्हणून.

डोसाच्या प्रमाणाचाही विचार करायला हवा. दोन खुणांचं सुरुवातीचं प्रमाण पाण्यातल्या नैसर्गिक चढउताराच्या प्रमाणाजवळ ठेवलं, तर पाया हलल्यावर दोन्ही चुका बऱ्याच अंशी एकमेकींना छेद देतात. इथे ते सुरुवातीला साडेसहाला एक होतं, पण आठव्या दिवशी ऑक्सिजन जास्त ओसरल्यानं नवाला एकच्या जवळ गेलं, आणि शेततळ्यानं आणलेला बदल पाचाला एकच्या आत होता. बाष्पीभवन झालेल्या पाण्याचं हेच वैशिष्ट्य. पुढच्या हंगामासाठी ऑक्सिजन-१८ थोडं वाढवून ड्युटेरियम तेवढंच ठेवायचा प्रस्ताव मांडला आहे. माणशी खर्च वाढेल, म्हणून दोन बाया कमी होतील. त्याच्या मंजुरीची वाट पाहतो आहोत.